ताबा लांबला, अर्ज नाकारला: हे कळवायचं कसं?

‘आदरणीय सदनिकाधारक, काही तांत्रिक व अपरिहार्य कारणांमुळे प्रकल्पाच्या ताब्याची प्रक्रिया काहीशी लांबली असून ती लवकरात लवकर पूर्ण करण्यात येईल. आपल्या सहकार्याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत.’

बांधकाम सुरू असलेल्या इमारतीत घर घेतलेल्या बऱ्याच जणांनी अशा धाटणीचं पत्र वाचलेलं असतं. त्यात उद्धट शब्द नाही, धडधडीत खोटंही काही नाही. तरी ते वाचून माणूस संतापतो, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर तेच चालतं आणि बिल्डरच्या ऑफिसमधल्या मुलीला फोनवर नको नको ते ऐकावं लागतं. पत्र लिहिणाऱ्याला कळतच नाही की इतक्या सभ्य भाषेत लिहूनही लोक एवढे का चिडले.

ते समजून घ्यायचं तर पत्र कुणाच्या हातात पडतंय ते पाहावं लागतं. समजा, पुण्याच्या कडेला भाड्याने राहणारं एक कुटुंब आहे. त्यांचा अकरा महिन्यांचा भाडेकरार येत्या एप्रिलमध्ये संपतो. घरमालक विचारतोय, पुढे राहणार की खोली दुसऱ्याला देऊ? मुलीचा शाळाप्रवेश नव्या घराजवळ घ्यायचा की इथेच ठेवायचा, हे याच महिन्यात ठरवायचंय. भाडं आणि कर्जाचा हप्ता असा दुहेरी भार किती महिने सोसायचा, याचा हिशेब रोज रात्री होतो. वास्तुशांतीचा मुहूर्त पाहून ठेवलाय. या कुटुंबाला पत्रातून तीन गोष्टी हव्या होत्या: नेमका किती उशीर, तो कशामुळे आणि आता आम्ही काय करू शकतो. पत्राने यातलं एकही सांगितलं नाही, वर सहकार्याबद्दल आभार मानून मोकळं झालं.

कोरडं पत्र आणि गोलमाल पत्र हे दोन वेगळे दोष आहेत असं आपण समजतो. एकात माया नाही, दुसऱ्यात स्पष्टपणा नाही. म्हणून उपायही वेगवेगळे सुचतात: कोरड्यात ‘खेद वाटतो’ घालायचं आणि गोलमालात थोडी माहिती भरायची. खरं तर दोन्हींचं मूळ एकच असतं. पत्र लिहिताना लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर तो स्वतः असतो. आपण अडकू नये, आपल्याला कुणी जाब विचारू नये, हे फोन लवकर संपावेत, याच काळजीतून दोन्ही प्रकारची पत्रं निघतात. वाईट बातमीतली माया विशेषणांमधून पोहोचत नाही. ऐकणाऱ्याला पुढचा निर्णय घेण्यासाठी जे लागतं, ते वेळेवर आणि पुरेपूर दिलं की ती पोहोचते.

याला भक्कम आधार आहे. अमेरिकेतले अभ्यासक जेराल्ड ग्रीनबर्ग यांनी 1990 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच कंपनीचे तीन कारखाने होते. मोठी कंत्राटं गेल्यामुळे त्यातल्या दोन कारखान्यांत दहा आठवड्यांसाठी पगारात 15 टक्के कपात झाली, तिसऱ्यात पगार होता तसाच राहिला. कपात झालेल्या दोन्ही ठिकाणी बातमी तीच होती, फक्त सांगण्याची तऱ्हा वेगळी ठेवली होती. एका कारखान्यात पाऊण-एक तासाहून कितीतरी जास्त वेळ दिला गेला. कंत्राटं कोणती गेली, पैशाची स्थिती काय आहे, नोकऱ्या वाचवण्यासाठी हा मार्ग का निवडला, हे आकड्यांसह दाखवलं आणि शेवटच्या प्रश्नापर्यंत उत्तरं दिली. झाल्या गोष्टीचं वाईट वाटतंय, हेही पुन्हा पुन्हा सांगितलं. दुसऱ्या कारखान्यात सगळं पंधरा मिनिटांत उरकलं: कपात होईल, इतके आठवडे राहील, एक-दोन प्रश्न घेतो, धन्यवाद.

त्या काळात कारखान्यांतून होणाऱ्या सामानाच्या चोऱ्या मोजल्या गेल्या. पगार कापलेल्या दोन्ही ठिकाणी त्या वाढल्या, पण जिथे पंधरा मिनिटांत उरकलं तिथे बऱ्याच जास्त वाढल्या. तिथल्या साधारण पाव कामगारांनी नोकरीही सोडली. जिथे नीट समजावून सांगितलं, तिथे सोडून जाणारे जवळजवळ नव्हतेच. खिशातून गेलेले पैसे दोन्हीकडे सारखेच होते. म्हणजे नुकसान माणूस सहन करतो, पण आपल्याला कारण सांगण्याच्याही लायकीचं समजलं नाही, हे तो सहन करत नाही. आणखी एक गोष्टही यातून दिसते. नीट सांगितल्याने चोऱ्या थांबल्या नाहीत, कमी झाल्या. चांगल्या पत्राने वाईट बातमी चांगली होत नाही. त्या बातमीवर आणखी एका अपमानाची भर पडणं मात्र टळतं.

आता आपल्या प्रकल्पाकडे परत येऊ आणि पत्र नव्याने लिहायला बसू. समजा, करारात ताब्याची तारीख 31 मार्च आहे आणि आपण जानेवारीत आहोत. इमारत उभी आहे, रंग झालाय, फरशा बसल्यात. अडलंय ते आगीच्या वेळी लागणाऱ्या पाण्याच्या यंत्रणेपाशी. पंप पुरवणाऱ्याने माल उशिरा दिला, त्यामुळे यंत्रणेची चाचणी झालेली नाही. चाचणी नाही म्हणून अग्निशमन विभागाचा अंतिम ना हरकत दाखला नाही, तो नाही म्हणून भोगवटा प्रमाणपत्र नाही आणि त्याशिवाय घराचा कायदेशीर ताबा देता येत नाही.

पहिला प्रश्न कारणाचा. ‘तांत्रिक कारण’ हे कारण नव्हे, ते कारणावर टाकलेलं पांघरूण आहे. वाचणाऱ्याला कारण हवं असतं ते आपल्याला पकडण्यासाठी नव्हे. त्यावरून त्याला उशिराचा अंदाज बांधायचा असतो. पंप आला नाही म्हणजे काही महिन्यांचा प्रश्न. जमिनीच्या मालकीचा वाद म्हणजे काही वर्षांचा. कारण लपवलं की माणूस सर्वांत वाईट शक्यता धरून चालतो आणि ते स्वाभाविकच आहे. म्हणून पत्रात पंप, चाचणी, दाखला आणि भोगवटा प्रमाणपत्र ही साखळी साध्या शब्दांत यायला हवी. यात आपली चूक किती हेही त्याच वाक्यात आलं पाहिजे. ‘पुरवठादाराकडून विलंब झाला’ एवढंच लिहिलं की ते बोट दाखवणं होतं. ‘पुरवठादाराने उशीर केला, आणि ऑर्डर द्यायलाही आम्हाला उशीर झाला’ असं लिहिलं की वाचणाऱ्याचा पत्रावर विश्वास बसतो, कारण लिहिणाऱ्याला अडचणीचं वाक्यही त्यात आहे.

दुसरा प्रश्न तारखेचा, आणि हा जास्त अवघड. साइटवरचा इंजिनिअर सांगतो, ‘साहेब, मे अखेरपर्यंत सगळं होईल.’ तो खोटं बोलत नाही. पण मनात सगळं सुरळीत पार पडतंय असं चित्र धरून तो बोलतोय. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं होतं की तुमचा प्रबंध किती दिवसांत पूर्ण होईल. सरासरी उत्तर आलं साधारण 34 दिवस. सगळं बिनसलं तर किती लागतील, याचं सरासरी उत्तर होतं साधारण 49. प्रत्यक्षात सरासरी 55 दिवस लागले. म्हणजे वाईटात वाईट धरून केलेला अंदाजही कमीच पडला.

म्हणून नवी तारीख मनातल्या चित्रावरून काढू नये, आधीच्या अनुभवावरून काढावी. याच बिल्डरच्या मागच्या दोन इमारतींत चाचणीपासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत किती महिने लागले होते? तपासणीत त्रुटी निघाल्या, पुन्हा तपासणी झाली, तेव्हा किती वेळ गेला? तो काळ इथे धरला तर मे नव्हे, ऑगस्टअखेर येतो. मग पत्रात ऑगस्टअखेरच लिहायचं. विक्री विभाग म्हणेल, एकदम पाच महिने कशाला सांगता, आधी दोन सांगू, मग पुढचं पुढे पाहू. यातच खरी मेख आहे. दोन-दोन महिन्यांनी तीनदा लांबवलेली तारीख एकदाच सांगितलेल्या पाच महिन्यांपेक्षा जास्त दुखावते, कारण प्रत्येक वेळी त्या कुटुंबाने नवी आखणी केलेली असते. भाडेकरार दोन महिन्यांसाठी वाढवून मिळत नाही, तो पुन्हा अकरा महिन्यांचा करावा लागतो.

तिसरा प्रश्न हक्काचा. स्थावर संपदेच्या नियमनाचा 2016 चा कायदा, म्हणजे आपण ज्याला रेरा म्हणतो, त्याच्या कलम 18 प्रमाणे ठरलेल्या तारखेला ताबा मिळाला नाही तर घर घेणाऱ्यापुढे दोन मार्ग असतात. प्रकल्पातून बाहेर पडून भरलेले पैसे व्याजासह परत घ्यायचे, किंवा प्रकल्पात राहून ताबा मिळेपर्यंत विलंबाच्या प्रत्येक महिन्याचं व्याज घ्यायचं. महाराष्ट्राच्या नियमांनुसार या व्याजाचा दर स्टेट बँकेच्या कर्जदराशी जोडलेला आहे, त्यात 2 टक्के मिळवून तो ठरतो. तो दर 11 टक्के धरला आणि घर घेणाऱ्याने 50 लाख भरलेले असतील, तर महिन्याला साधारण 45 हजार रुपये होतात. रक्कम मोठी आहे, म्हणूनच पत्रात तिचा उल्लेख टाळला जातो.

पण टाळून मिळतं काय? हक्क कायद्याने दिलाय, पत्रात लिहिलं नाही म्हणून तो नाहीसा होत नाही. चार दिवसांत ग्रुपवर कुणीतरी वकील भाचा तो सांगतोच. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाच्या प्रगतीची माहिती दर तिमाहीला भरावी लागते, तीही लोक वाचतात. जे दुसरीकडून कळणारच आहे ते आपण न सांगणं म्हणजे पुढच्या प्रत्येक वाक्याचा विश्वास घालवणं. शब्दरचना वकिलाकडून तपासून घ्यावी, ते योग्यच आहे. मात्र तपासणं वेगळं आणि गाळणं वेगळं.

एवढं हाताशी आलं की पत्र काही असं होतं:

‘बी इमारतीतील आपल्या घराचा ताबा करारात ठरल्याप्रमाणे 31 मार्चला देता येणार नाही. आमच्या अंदाजाने तो 31 ऑगस्टपर्यंत देता येईल. अग्निशमन यंत्रणेचे पंप उशिरा आले. त्यांची मागणी नोंदवण्यास आम्हीही उशीर केला. चाचणी, अग्निशमन विभागाचा दाखला आणि त्यानंतर भोगवटा प्रमाणपत्र, एवढे टप्पे उरले आहेत. मागील दोन इमारतींत या टप्प्यांना जितका वेळ लागला, त्यावरून ही तारीख काढली आहे. तपासणीत मोठी त्रुटी निघाल्यास ती आणखी पुढे जाऊ शकते. तसे झाल्यास आम्हाला कळल्यापासून आठ दिवसांत आपल्याला कळवू.

रेरा कायद्यानुसार आपण विलंबाचे व्याज घेऊ शकता किंवा प्रकल्पातून बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागू शकता. दोन्हींसाठीचे अर्ज सोबत आहेत. आपण भाड्याने राहत असल्यास करार वाढवताना ऑगस्टअखेर धरावी. आपल्या घरची आखणी यामुळे विस्कटणार आहे याची आम्हाला जाणीव आहे, त्याबद्दल आम्ही आपली माफी मागतो. चाचणी कुठवर आली हे आम्ही दर महिन्याच्या 15 तारखेला लिहून कळवू.’

या पत्रात वाईट बातमी पहिल्याच वाक्यात आहे. आधी इमारतीच्या रंगाचं, बागेचं कौतुक नाही. माफी आहे, पण ती एकदाच आहे आणि तिच्या आधी लिहिणाऱ्याने काय बिघडवलं ते सांगून झालंय. वाचणाऱ्याला सर्वांत उपयोगी पडणारं वाक्य बहुधा भाडेकराराचं आहे. त्यात ‘खेद’, ‘दिलगिरी’ असलं काही नाही, तरी आपला विचार कुणीतरी केलाय हे त्यातूनच कळतं.

पत्र कधी जातं आणि कुणाला आधी कळतं, यालाही तेवढंच महत्त्व आहे. वाईट बातमी पोहोचवायला माणूस टाळाटाळ करतो, चांगली मात्र धावत जाऊन सांगतो, हे मानसशास्त्रज्ञांनी 1970 च्या सुमारास प्रयोगांतून दाखवलं होतं. ऑफिसात हे रोज घडतं. इंजिनिअरला नोव्हेंबरमध्ये ठाऊक असतं, मॅनेजरला डिसेंबरमध्ये कळतं, मालकाला जानेवारीत आणि ग्राहकाला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात. यातला एकेक महिना त्या कुटुंबाच्या हातातून गेलेला असतो. म्हणून नियम असा ठेवावा: तारीख चुकणार हे नक्की झालं की लगेच सांगायचं, नवी तारीख निश्चित होईपर्यंत थांबायचं नाही. ‘31 मार्च होणार नाही, नवी तारीख तीन आठवड्यांत सांगतो’ एवढं कळलं तरी घरमालकाशी बोलता येतं. ज्यांचं नुकसान सर्वांत जास्त, त्यांना पत्राच्या आदल्या दिवशी फोन जावा, आणि तो निर्णय घेणाऱ्या माणसाने करावा. ज्या मुलीला पुढचं काही ठाऊक नाही तिला फोनवर बसवणं हे ग्राहकावरही अन्याय आहे आणि तिच्यावरही.

अर्ज नाकारताना गणित थोडं बदलतं. उशिरात ‘थांबा’ असतं, नकारात ‘नाही’. तिथे पुढची तारीख देता येत नाही. मग द्यायचं काय? याचं उत्तर आपल्याच एका कायद्यात सापडतं. माहितीचा अधिकार अधिनियम 2005 च्या कलम 7(8) नुसार, माहितीचा अर्ज फेटाळताना अधिकाऱ्याने तीन गोष्टी कळवल्याच पाहिजेत: नाकारण्याचं कारण, अपील किती दिवसांत करता येईल, आणि अपील कुणाकडे करायचं. कायद्याची भाषा कोरडीच असते, पण नकारात माणसाला काय लागतं हे या तीन ओळींत अचूक आलंय. का, कधीपर्यंत आणि कुणाकडे.

एखादी संस्था उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते असं धरू. जागा बारा, अर्ज शेकड्यांनी. नाकारलेल्यांना सहसा जातं ते पत्र असं: ‘आपल्या अर्जाचा काळजीपूर्वक विचार करण्यात आला. तथापि यावर्षी आपली निवड होऊ शकली नाही. आपल्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा.’ हे वाचून मुलीला कळत नाही की तिचे गुण कमी पडले, कागद अपुरे होते की तिचा विषयच संस्थेच्या यादीत नव्हता. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा की नाही, हेही कळत नाही.

इथे सगळ्या मुलांना वेगवेगळी पत्रं लिहिणं शक्य नाही, हे खरं आहे. पण नाकारण्याची कारणं बहुधा चार-पाचच असतात. उत्पन्नाची अट बसली नाही. कागद अपुरे. विषय योजनेत नाही. मुलाखतीपर्यंत पोहोचली, पण जागा संपल्या. प्रत्येक कारणासाठी एक असे चार-पाच मसुदे करता येतात, आणि यातून पडणारा फरक मोठा आहे. ‘उत्पन्नाचा दाखला मागील आर्थिक वर्षाचा होता, चालू वर्षाचा हवा होता, पुढील वर्षीचे अर्ज जूनमध्ये सुरू होतील’ हे वाचणाऱ्या मुलीला नेमकं काय करायचं ते कळतं. ‘आपला विषय या योजनेत बसत नाही, त्यामुळे पुन्हा अर्ज केल्यास उत्तर हेच राहील’ हे वाक्य कठोर दिसतं, पण ते तिचं एक वर्ष वाचवतं. याच पत्राखाली ‘भविष्यात अवश्य अर्ज करा’ लिहिलं तर ती फसवणूक होते. पुन्हा येण्याचं आमंत्रण ज्याला खरंच वाव आहे त्यालाच द्यावं.

कारण सांगताना निकष सांगावा, माणसावर शेरा मारू नये. ‘आपल्यात आत्मविश्वासाचा अभाव जाणवला’ हा शेरा झाला. त्यावर वाद होतो आणि तो मनातही राहतो. ‘आम्ही संशोधनाच्या आराखड्याला निम्मे गुण दिले, आपल्या आराखड्यात काम कुठे आणि किती दिवस करणार ते नव्हतं’ हा निकष झाला. तो तपासता येतो, पुढच्या वेळी सुधारता येतो. काही कारणं मात्र सांगता येत नाहीत. निवड झालेल्या मुलाची घरची परिस्थिती जास्त हलाखीची होती, पण ती त्याची खासगी गोष्ट आहे. अशा वेळी खोटं कारण शोधू नये. ‘इतर अर्जदारांची माहिती आम्हाला सांगता येत नाही, त्यामुळे याहून अधिक कळवता येणार नाही’ एवढं सरळ सांगितलं तर माणसं समजून घेतात. माहिती नाही म्हटल्यावर ती क्वचितच चिडतात. माहिती आहे पण लपवताहेत असं वाटलं की मात्र चिडतात.

आपलं पत्र ठीक झालंय का हे पाहायला एक सोपी तपासणी आहे. ज्याला या प्रकरणातलं काहीच ठाऊक नाही अशा सहकाऱ्याला ते वाचायला द्यावं, एका मिनिटाने परत घ्यावं आणि विचारावं: झालं काय, कशामुळे, आणि हे पत्र मिळालेल्या माणसाने उद्या सकाळी काय करायचं? तिन्हींची उत्तरं आली तर पत्र पाठवावं. ‘काहीतरी लांबलंय वाटतं’ असं उत्तर आलं तर शब्द घासत बसू नये. त्यात माहितीच नाही, ती आधी घालावी.

पत्र गेलं म्हणजे काम संपत नाही. दर महिन्याच्या 15 तारखेला कळवू असं लिहिलंय, तर 15 तारखेला कळवलंच पाहिजे. एखाद्या महिन्यात नवीन काहीच घडलेलं नसतं, चाचणीची तारीख मिळालेली नसते, आणि रिकामं पत्र कशाला पाठवायचं असं वाटतं. नेमकं तेच पत्र पाठवावं: ‘या महिन्यात प्रगती नाही, चाचणीची वेळ अजून मिळालेली नाही, तारीख अजून 31 ऑगस्टच धरून आहोत.’ ताब्याची तारीख पंपावर आणि दाखल्यावर अवलंबून आहे. 15 तारखेचं पत्र फक्त आपल्यावर अवलंबून आहे. एकदा शब्द मोडल्यानंतर आपला दुसरा शब्द पाळला जातो हे दाखवण्याची तेवढीच जागा आपल्याकडे उरलेली असते.